सात तक्रारी, सातही कंपनीच्या नोंदीत 'बंद'

हे लिहायला लाज वाटतेय, कारण सहा वेळा फसलो तो एकाच चार आकडी कोडपायी, आणि सहाही वेळा तो कोड मीच माझ्या तोंडाने सांगितला.

२ जूनला वर्षभराच्या ब्रॉडबँडचे पैसे एकरकमी भरले. महिना ७९९ प्रमाणे बारा महिने, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ११,३१३ रुपये ८४ पैसे. राउटरची अनामत १,५०० वेगळी. एकरकमी का भरले, असं घरातल्यांनीही विचारून झालंय. माझं काम घरून चालतं, दर महिन्याची कटकट नको होती. त्यात मूर्खपणा काय होता, हे मला अजून कळलेलं नाही.

११ जूनला नेट गेलं. राउटरवर LOS नावाचा दिवा असतो, तो लाल होऊन लुकलुकायला लागला की फायबरमधून प्रकाशच पोचत नाही असं समजायचं. तक्रार नोंदवली, क्रमांक आला. १३ तारखेला तंत्रज्ञ आला. त्याने मागची पिवळी वायर काढली, टोक पुसलं, परत लावली. दिवा हिरवा झाला. तो दारातच हेल्मेट घालत म्हणाला, "काका, मेसेज आला असेल, तेवढा कोड सांगा. तिकीट बंद झाल्याशिवाय मला पुढचा कॉल मिळत नाही."

मोबाइल माझ्या हातात होता. मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की तक्रारीचं समाधान झाल्यावरच हा कोड द्यावा. मी ते वाचलं, आणि वाचूनही दिला. उन्हातून आलेला पोरगा, त्याला कशाला अडवायचं, असं वाटलं. तिथेच थांबायला हवं होतं. अर्धा तास बसवून, चहा पाजून दिव्याकडे बघत राहायला हवं होतं. चाळीस मिनिटांनी दिवा पुन्हा लाल झाला, तोवर माझी तक्रार 'ग्राहकाच्या संमतीने बंद' झालेली होती.

पुढे १४ जून, २२ जून, ३ जुलै, १७ जुलै, २९ जुलै. प्रत्येक वेळी नवा क्रमांक, नवा माणूस, तोच कोड. २९ जुलैच्या तक्रारीवर आलेला माणूस जरा जाणकार होता. त्याने फायबरमधला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावला, आकडा आला उणे २९. साधारण उणे २७ च्या खाली गेलं की घरातलं यंत्र तग धरत नाही, खांबावरच्या पेटीपासून घरापर्यंतची केबलच बदलावी लागेल, असं तोच म्हणाला. मग बदल की! "ते काम आमच्याकडे नाही, वरून मंजुरी लागते." आणि जाताना कोड मागितला. मीटर उणे २९ दाखवत असताना मी तोही दिला, कारण मंजुरीसाठी आधी हे तिकीट बंद करावं लागतं असं त्याने सांगितलं. ते साफ खोटं होतं.

तक्रार बंद झाली की कंपनीच्या लेखी दोष संपला. पुन्हा फोन केला की घड्याळ शून्यापासून सुरू. दोन महिने नेट बंद-चालू होत राहिलं, पण त्यांच्या नोंदीत सहा किरकोळ बिघाड, सहाही वेळेत दुरुस्त. म्हणून सांगतो, कोड देऊ नका. त्या पोराचा कितीही कळवळा आला तरी देऊ नका.

६ ऑगस्टला सातवी तक्रार केली आणि कोड दिला नाही. दोन दिवसांत ती 'ग्राहक उपलब्ध नाही' म्हणून बंद केली! मी घरातच होतो. आता डोकं फिरलं. ९ ऑगस्टला कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अर्ज केला आणि त्यात मोठी चूक केली. संतापात सगळी कहाणी लिहिली आणि वर पहिल्या, ११ जूनच्या तक्रारीचा क्रमांक टाकला. उत्तर दोन ओळींचं: तक्रारीचं निराकरण झालेलं आहे, अपिलाची मुदत संपलेली आहे.

२०१२ च्या तक्रार निवारण नियमावलीप्रमाणे तक्रार सोडवायची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करावं लागतं. जूनच्या क्रमांकावर ऑगस्टमध्ये जाऊन काय मिळणार? शेवटचा क्रमांक धरायचा आणि आधीचे पुरावा म्हणून जोडायचे, हे मला कोणी सांगितलं नाही. कस्टमर केअरवर तर 'अपील' हा शब्द उच्चारला की फोन होल्डवर. एकदा २६ मिनिटं संगीत ऐकलं.

मग दूरसंचार नियामकाला, म्हणजे ट्रायला, पत्र. सहा पानं, सातही तक्रारींचे मेसेज जोडलेले. मला वाटलं, आता कंपनीला घाम फुटेल. झालं असं की पत्र कंपनीकडेच पाठवलं गेलं, आणि मला फोन आला त्याच कॉल सेंटरमधून: "सर, तुमची तक्रार बंद करू का?" नंतर वाचलं तेव्हा कळलं की १९९७ च्या ट्राय कायद्यात एकेका ग्राहकाची तक्रार निकाली काढायचा अधिकार नियामकाला दिलेलाच नाही. नियम करायचे, कंपन्यांवर नजर ठेवायची, एवढंच. ठीक आहे, कायदा आहे. पण मग हे बिलाच्या मागे ठळक अक्षरात का छापायला लावत नाहीत? आमच्यासारखा माणूस 'नियामक' हा शब्द वाचून तिथे दाद मागायला जातो आणि आणखी दोन आठवडे घालवतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, त्यांनीही कंपनीकडेच पाठवलं. जिथे जावं तिथून फिरून त्याच दारात. ज्याने फसवलं त्यालाच विचारायचं, फसवलंस का रे बाबा?

२५ ऑगस्टला दुसरं अपील केलं, एका पानाचं. वर ६ ऑगस्टच्या तक्रारीचा पूर्ण क्रमांक. खाली सात ओळी: तारीख, क्रमांक, बंद केल्याची तारीख, त्यानंतर दिवा पुन्हा लाल झाल्याची वेळ. सोबत लाल दिव्याचे फोटो, पॉवर मीटरचा फोटो, आणि राउटरला वायर लावून घेतलेली स्पीड टेस्ट. वायर लावूनच घ्या, वायफायवरची दाखवली की 'तुमच्या भिंती जाड आहेत' हे उत्तर तयार असतं. मागणी दोनच: केबल बदला, आणि वहीत नोंदवलेल्या ३१ बंद दिवसांचे पैसे परत करा. दिवसाला ३१ रुपयांप्रमाणे ९६१ रुपये. ९६१ रुपयांसाठी कोण भांडणार, याच हिशोबावर त्यांचा धंदा चालतो. मी भांडणार. अपिलाला फी नसते, वकील लागत नाही.

नियामकालाही या अपिलाची प्रत पाठवली, पण या वेळी 'माझं नेट सुरू करा' असं लिहिलं नाही. लिहिलं की दोष तसाच असताना कोड घेऊन किंवा खोटं कारण देऊन तक्रारी बंद केल्या जातात, त्याची ही सात उदाहरणं. हे बघणं तरी त्यांचं काम आहे.

अपील क्रमांक तीन दिवसांत मिळायला हवा, २८ तारखेला मिळाला. निकालाला ३९ दिवस, म्हणजे ३ ऑक्टोबर. नाहीतर ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच सांगितलंय, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. अर्ज लिहून ठेवलाय, फक्त तारीख घालायची बाकी आहे.

काल पुन्हा एक तंत्रज्ञ येऊन गेला. दिवा लाल होता. त्याने कोड मागितला. मी म्हटलं, आधी केबल बदल.