`App not installed` : फोनवरच टॅप करायचं की केबल जोडून adb ने टाकायचं?

एपीके फाइल हाताने टाकणाऱ्यांना ही ओळ नवी नाही. इन्स्टॉलची पट्टी पुढे सरकते आणि शेवटी `App not installed`. फाइल नीट उतरलेली असते, परवानगीही दिलेली असते. अशा वेळी कारण अनेकदा या दोनांपैकी एक निघतं. एक तर फोन या फाइलला आधीच्या अ‍ॅपपेक्षा जुनी समजतो, नाहीतर जागा दिसते तेवढी खरोखर वापरता येत नाही. यातून सुटायला दोन वाटा आहेत : फाइल मॅनेजरमधून टॅप करत राहणं, किंवा फोन कॉम्प्युटरला जोडून adb ने, म्हणजे कॉम्प्युटरवरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाने, टाकणं. मी दोन्ही वापरल्या आहेत.

टॅपची वाट सोपी आहे हे मान्यच. कॉम्प्युटर लागत नाही, केबल शोधावी लागत नाही, आणि दहातल्या नऊ वेळा कामही होतं. माझा तिच्यावर एकच आक्षेप आहे : ती कारण सांगत नाही. काही फोनांवर जागेचा वेगळा संदेश येतो, काहींवर येत नाही. काही ठिकाणी तर जुन्या आवृत्तीच्या फाइलला ‘फाइल सदोष आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि माणूस तीच फाइल पुन्हापुन्हा उतरवत बसतो.

माझ्या थोरल्या काकांच्या बाबतीत हेच झालं. गावातल्या दूध संकलनाचा हिशोब ते एका छोट्या अ‍ॅपवर ठेवतात. ते अ‍ॅप प्ले स्टोअरवर नाही, बनवणाऱ्याकडून एपीके येते. फोनमध्ये 5.2 होतं, 5.3 ची फाइल आली. “अरे, नवीन टाकतोय तरी घेत नाही बघ,” असं म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी जागेवर संशय घेतला. त्यांचे व्हिडिओ, नातीच्या वाढदिवसाचे फोटो कार्डवर हलवले, जवळजवळ 3 जीबी मोकळे केले. संदेश तोच. मग सगळे देतात तोच सल्ला समोर आला : जुनं अ‍ॅप काढा आणि नवीन टाका. काढलं असतं तर गवळ्यांची सगळी खाती त्याबरोबर गेली असती. मी हात आवरला आणि लॅपटॉप काढला.

```
adb install -r hishob-5.3.apk
```

उत्तर एका ओळीत आलं :

```
Failure [INSTALL_FAILED_VERSION_DOWNGRADE: Downgrade detected: Update version code 140 is older than current 2135]
```

अँड्रॉइड 5.2 आणि 5.3 हे आकडे पाहतच नाही, ते माणसांसाठी असतात. ते पाहतं `versionCode`, म्हणजे अ‍ॅपच्या आत लिहिलेला पूर्णांक. नव्याचा पूर्णांक आधीच्यापेक्षा लहान असेल तर दार बंद. पण नवी फाइल लहान कशी? काही अ‍ॅपांच्या प्रोसेसरनुसार वेगळ्या फाइल बनवतात आणि त्यांचे पूर्णांक एकमेकांत अडकू नयेत म्हणून त्यांत हजारांनी भर घालतात. फ्लटर हे साधन अशा वेगळ्या फाइल बनवताना 32 बिट आर्मसाठी 1000 आणि 64 बिट आर्मसाठी 2000 मिळवतं. काकांकडे 64 बिटची 5.2 होती, म्हणजे 135 अधिक 2000. आलेली 5.3 सगळ्या फोनांना चालणारी एकत्र फाइल होती, तिचा पूर्णांक नुसता 140. नवी असूनही फोनच्या लेखी ती जुनी ठरली. बनवणाऱ्याकडून 64 बिटची 5.3 मागवली, तिचा पूर्णांक 2140. ती आधीच्या अ‍ॅपवर बसली आणि एक खातंही हललं नाही.

माझा कल तिथेच ठरला. टॅपच्या वाटेवर दोन्ही कारणांना एकच उपाय सुचतो, अ‍ॅप काढून टाकणं. आणि तो दोन्हींना लागूही पडतो : पूर्णांकाची तुलना संपते आणि जागाही मोकळी होते. म्हणून नेमकं काय अडलं होतं हे कधी कळत नाही, आणि ज्याला फक्त चारशे एमबी कमी पडत होते त्याचाही हिशोब पुसला जातो.

जागेचं कारण असेल तर adb ला आणखी एक फायदा आहे, तो मला उशिरा कळला. अँड्रॉइड आतल्या स्टोरेजचा काही भाग राखून ठेवतं. मूळ अँड्रॉइडमध्ये हा भाग एकूण जागेच्या 5 टक्के किंवा 500 एमबी, यांत जो कमी असेल तो. म्हणजे 32 जीबीच्या फोनवर 900 एमबी मोकळे दिसले तर कॅशे सोडून हाताशी साधारण 400 येतात. आता 180 एमबीची एपीके ‘डाउनलोड’ फोल्डरमध्ये पडलेली आहे, तिने तिची जागा आधीच घेतली. टॅप केल्यावर बऱ्याच आवृत्त्यांत इन्स्टॉलर तिची एक तात्पुरती प्रत करतो आणि मग सिस्टीम दुसरी. झाले 360. त्यात आतून सुटे होणारे 60 एमबी मिळवले की 420. अपडेट पूर्ण होईपर्यंत जुनं अ‍ॅपही जागेवरच असतं. adb मध्ये फाइल कॉम्प्युटरवरच राहते आणि नव्या फोनांवर थेट आत ओतली जाते. फोनवरची एपीके पुसली तर हाताशी 580 आणि लागणार साधारण 240. कॉम्प्युटर नसेल तर निदान एपीके मेमरी कार्डवर हलवून टॅप करा, 180 एमबी तिथेच वाचतात.

adb ची तयारी मात्र कटकटीची आहे, हे लपवत नाही. बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप, मग यूएसबी डीबगिंग, आणि काही कंपन्यांच्या फोनांत यूएसबीवरून इन्स्टॉल करायची वेगळी परवानगी. केबल नुसती चार्जिंगची निघाली तर फोन दिसतच नाही. माझी पहिल्यांदा यातच दुपार गेली होती. काम झाल्यावर डीबगिंग बंद करायला विसरू नका. वर्षातून एकदा एखादं अ‍ॅप टाकणाऱ्याने आणि ज्याच्या अ‍ॅपमध्ये जपण्यासारखं काही नाही त्याने या फंदात पडायची फारशी गरज नाही, असं मला वाटतं.

खरोखरच जुन्या आवृत्तीवर परत जायचं असेल तर adb सुद्धा जादू करत नाही. `-d` लावा असं बरेच जण सांगतात, पण साध्या फोनवर ते फक्त डीबग प्रकारच्या, म्हणजे बनवणाऱ्याने चाचणीसाठी काढलेल्या अ‍ॅपांना चालतं. डेटा ठेवून अ‍ॅप काढायच्या युक्तीवरही माझा भरवसा नाही. नव्या आवृत्तीने डेटाबेसची रचना बदललेली असेल तर जुनं अ‍ॅप ती उघडताना बंद पडू शकतं. तिथे अ‍ॅपमधूनच बॅकअप काढायचा, तो फोनबाहेर ठेवायचा आणि मगच अ‍ॅप काढायचं. काढूनही जुनी फाइल बसत नसेल तर तेच अ‍ॅप दुसऱ्या युजरमध्ये किंवा वर्क प्रोफाइलमध्ये उरलंय का ते पाहा. होम स्क्रीनवरून काढताना ते तिथे तसंच राहतं आणि त्याचा मोठा पूर्णांक आडवा येतो. `adb uninstall` मात्र काही वेगळं सांगितलं नाही तर सगळ्या युजरमधून काढतं. काकांच्या फोनला याची गरज पडली नाही. त्यांच्या हिशोबाचा बॅकअप तेवढा मी त्याच दिवशी लॅपटॉपवर घेऊन ठेवला.