डब्याला सोडा, बाटलीला व्हिनेगर

आमच्या इंदूरकडे पावसाळा लागला की डबा-बाटली रात्रभर पालथी ठेवली तरी वाळत नाही, आणि शाळा सुरू होऊन महिना होतो न होतो तोच वास सुरू होतो. तेव्हा सोडा वापरायचा की व्हिनेगर? दोन्ही स्वस्त आहेत, पण दोघांची कामं वेगळी.

आधी डबा. मुलाला पोह्यांवर शेव आणि जिरावण हवंच असतं. मसाल्याचं तेल प्लास्टिकमध्ये मुरतं आणि साबणाने वरचाच थर निघतो. इथे खायचा सोडा उजवा. अर्धा लिटर गरम पाण्यात एक चमचा सोडा घालून डबा काठोकाठ भरावा, झाकणही त्याच पाण्यात बुडवावं आणि रात्रभर ठेवावं. आंबूस, खवट वास आम्लांचा असतो, तो सोड्याने मावळतो. हळदीचा पिवळा डाग मात्र सोड्याने जात नाही, तो दोन-तीन दिवस उन्हात ठेवल्यावर फिका पडतो. स्टीलच्या डब्यात वास मुरत नाही. तिथे वास येत असेल तर झाकणातली रबरी रिंग काढून बघा.

बाटलीची गोष्ट निराळी. माझ्या मुलाची सिपर तीनदा घासूनही कुबट यायची. शेवटी चमच्याच्या दांड्याने झाकणातली सिलिकॉनची रिंग उचकटली, तर खाचेत काळी, बुळबुळीत रेघ! वास तिथून येत होता, आणि मी बाटलीचं पोट घासत बसले होते. बुरशी आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार, दोन्हींसाठी व्हिनेगर बरं. एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि एक वाटी पाणी यात झाकण, नळी आणि रिंग सुट्टे करून अर्धा तास बुडवले. मग नळीत बारीक ब्रश फिरवला, खाच जुन्या टूथब्रशने घासली आणि रिंग दहा मिनिटं उकळली. वास गेला, पण रिंगवरचे काळे ठिपके राहिले. ठिपके घासून निघाले नाहीत, म्हणजे बुरशी सिलिकॉनच्या आत शिरली आहे. मग घासत बसू नये, रिंग बदलावी. सुटी रिंग मिळत नसेल तर झाकण. दुहेरी भिंतीची थर्मास-बाटली मात्र उकळू नका.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालून फेस काढायची पद्धत मी सोडली. दोघं एकमेकांना मारून टाकतात, उरतं ते खारट पाणी, आणि झाकण बंद असेल तर वायूच्या दाबाने ते उडू शकतं. ब्लीच आणि व्हिनेगर तर कधीच एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन निघतो.

वास खरंच गेला का हे ओल्या भांड्यात कळत नाही. पूर्ण कोरडं करून झाकण लावा, रात्रभर ठेवा आणि सकाळी उघडताक्षणी हुंगा. डब्याला वास आला तर सोड्याची आणखी एक रात्र, बाटलीला आला तर पुन्हा रिंगची खाच बघा.