तीन पुरवठादार, एक गुणतक्ता आणि वजनांची परीक्षा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या पतसंस्थेच्या चार शाखा आहेत. ठेवी, कर्ज आणि पिग्मी या तिन्ही कामांसाठी नवे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले तेव्हा तीन पुरवठादारांची दरपत्रके आली. त्यांना येथे अ, ब आणि क म्हणतो. निवड भारांकित गुणतक्त्याने करावी असे संचालक मंडळाने ठरवले आणि तो तक्ता तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. निवडलेले सॉफ्टवेअर आता नऊ महिने रोजच्या वापरात आहे. हा अनुभव सॉफ्टवेअरचा नसून, ते ज्या तक्त्याने निवडले त्या तक्त्याचा आहे.

तक्ता मुळात साधा होता. पाच निकष ठरवले, त्यांच्यात १०० वजन वाटले आणि प्रत्येक पुरवठादाराला प्रत्येक निकषावर १ ते ५ गुण दिले. पहिल्या बैठकीत ठरलेली वजने अशी होती : खर्च ३०, रोजच्या कामाची सोय २५, पुरवठादाराचा अनुभव २०, विक्रीनंतरची सेवा १५ आणि जुनी माहिती नव्या प्रणालीत आणणे १०. याच क्रमाने अ ला ४, ३, ५, ३, ३ असे गुण मिळाले, ब ला ३, ४, ३, ४, ४ आणि क ला ५, ३, २, २, २. प्रत्येक गुणाला त्याच्या वजनाने गुणून बेरीज केली आणि १०० ने भागले, तेव्हा अ ३.७०, ब ३.५० आणि क ३.१५ असा निकाल आला. बैठक तिथेच संपत होती.

मला खटकली ती एक गोष्ट. वजने ठरली त्या दिवशी तिन्ही दरपत्रके टेबलावर उघडी होती आणि अ च्या लोकांना मंडळातील काही जण वर्षानुवर्षे ओळखत होते. कोणाचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. परंतु उत्तर डोळ्यांसमोर असताना वजने ठरवली, की मनातल्या नावाला सोयीचे निकष नकळत जड होतात, आणि मग तक्ता निर्णय घेत नाही, आधीच झालेल्या निर्णयाला आकडे पुरवतो. म्हणून एक आठवडा मागून घेतला आणि वजनांची तीन प्रकारे तपासणी केली.

पहिली तपासणी तक्त्याच्या फाइलमध्येच होते. एकूण गुणांच्या चौकटीत हे सूत्र ठेवले :

```
=SUMPRODUCT($B$2:$B$6,C2:C6)/SUM($B$2:$B$6)
```

स्तंभ B मध्ये वजने आहेत आणि C मध्ये अ चे गुण. सूत्र उजवीकडे ओढले की ब आणि क यांची बेरीज येते. ठरलेल्या १०० ने न भागता वजनांच्या बेरजेने भागल्यामुळे एक वजन बदलले तरी उरलेल्यांचे आपसांतले प्रमाण तसेच राहते, आणि दर वेळी बेरीज जुळवत बसावे लागत नाही. मग एकेक वजन कमी-जास्त करत पहिला क्रमांक कुठे पालटतो ते पाहिले. ‘अनुभव’ या निकषाच्या २० च्या जागी १० लिहिताच अ आणि ब दोघेही ३.५६ वर आले, आणि ९ लिहिताच ब पुढे गेला. म्हणजे अ चा विजय जवळजवळ या एकाच निकषाच्या वजनावर उभा होता, आणि तो निकष परिचयाच्या सर्वांत जवळचा होता.

दुसरी तपासणी माणसांची होती. पाच जणांना प्रत्येकी एक कागद दिला, त्यावर फक्त निकष आणि प्रत्येकाचा एका वाक्यात अर्थ. पुरवठादारांची नावे आणि गुण नाहीत. व्यवस्थापक, दोन शाखाधिकारी, काउंटरवरच्या एक ज्येष्ठ सहकारी आणि एक संचालक यांनी एकमेकांशी न बोलता १०० गुण वाटले. ‘अनुभव’ला चौघांनी ५ ते १० दिले आणि एकाने २५. अशा ठिकाणी सरासरी न घेता चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्यावा, कारण सरासरीला एकटा माणूस ओढून नेऊ शकतो. मधला आकडा ५ आला. सेवेबाबत मात्र खरा मतभेद निघाला : काउंटरवरून ३५, व्यवस्थापकांकडून १०. प्रणाली बंद पडली की समोरच्या रांगेला उत्तर कोण देते, यावर अर्धा तास चर्चा झाली आणि ती सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत उपयोगी चर्चा ठरली.

तिसरी तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते. ‘खर्च किती महत्त्वाचा?’ असे विचारले तर प्रत्येक जण ‘फार’ म्हणणार. योग्य प्रश्न असा, की या तिघांमधला सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त यांतला फरक किती महत्त्वाचा आहे. पाच वर्षांचा एकूण खर्च क चा १२ लाख, अ चा १४ लाख आणि ब चा १५ लाख ६० हजार होता. कमाल फरक ३ लाख ६० हजार, म्हणजे एका शाखेमागे महिन्याला १,५०० रुपये. हा आकडा मांडल्यावर खर्चाचे ३० वजन कोणालाच पटेना. निकष कितीही मोठा असला, तरी त्यावर तिघे जवळजवळ असतील तर त्याचे वजन त्या अंतराच्या मानानेच असायला हवे.

शेवटी कामाची सोय ३०, सेवा २५, जुनी माहिती आणणे २०, खर्च २० आणि अनुभव ५ अशी वजने ठरली. गुण तेच ठेवले. निकाल ब ३.७५, अ ३.३०, क २.९० असा लागला. पुन्हा ताणून पाहिले. इतर वजने तशीच ठेवून खर्चाच्या २० चे ६३ केले तेव्हा कुठे ब मागे पडला, आणि तेव्हाही पहिला क्रमांक अ ला नव्हे, क ला गेला. अनुभवाच्या ५ चे २८ करावे तेव्हा अ पुढे येत होता. हा निकाल टिकाऊ होता, म्हणून ब ला काम दिले.

आता नऊ महिन्यांनंतरचे. कामाची सोय आणि सेवा यांचे ४ गुण रास्त ठरले. तक्रारीला बहुधा त्याच दिवशी उत्तर येते. जुनी माहिती आणण्याचे ४ गुण मात्र चुकले. नमुना म्हणून आम्ही मुख्य शाखेची माहिती दिली होती, जी सर्वांत नीटनेटकी होती. सर्वांत जुन्या शाखेतील पिग्मी खात्यांवर एकाच सभासदाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले होते, त्यामुळे खाती जुळेनात आणि तेरीज मिळेना. तीन आठवड्यांचे काम सात आठवडे चालले आणि त्या काळात दोन्ही प्रणालींत नोंदी कराव्या लागल्या. दोष एकट्या पुरवठादाराचा नव्हता, पण त्या निकषावर आज मी २ गुण देईन. तसे केले तर ब ३.३५ वर येतो, अ पेक्षा केवळ ०.०५ ने पुढे. अर्थात अ चे गुणही प्रात्यक्षिकावरूनच दिलेले होते, तेव्हा ही तुलना पूर्ण न्याय्य नाही. तरीही चूक कुठे राहिली ते स्पष्ट आहे : आम्ही वजने तीनदा पारखली आणि गुण एकदाही नाही.

तक्त्याची आणखी एक मर्यादा वापरात कळली. एका निकषावरचा कमीपणा दुसऱ्यावरच्या गुणांनी भरून निघतो, आणि काही गोष्टी अशा भरून निघता कामा नयेत. करार संपल्यावर आपली सगळी माहिती वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळणे ही गुणांची बाब नाही, ती आधीची अट आहे. ती तक्त्यात येण्यापूर्वीच ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी तपासावी. आमच्याकडे ती करारात ऐनवेळी घातली गेली, तीही काउंटरवरच्या त्याच सहकाऱ्यांनी विचारल्यामुळे.

पुढच्या महिन्यात पिग्मी प्रतिनिधींसाठी मोबाइल ॲप निवडायचे आहे. त्या फाइलमध्ये गुणांच्या शेजारी एक नवा स्तंभ केला आहे, ज्यात प्रत्येक निकषावर ५, ३ आणि १ म्हणजे काय हे शब्दांत लिहिले आहे. जुनी माहिती आणण्यासमोर लिहिले आहे : ‘सर्वांत जुन्या शाखेच्या माहितीवर, आपल्या माणसांसमोर, तेरीज जुळली तर ५.’ वजने आणि हा स्तंभ यांवर सह्या झाल्या आहेत. दरपत्रकांची पाकिटे अजून बंद आहेत.