अँड्रॉइडवरून आयफोनला व्हिडिओ: दोन्हीकडे ॲप की नुसती लिंक?

खानापूरपलीकडे कणकुंबीच्या बाजूला रेंज नसलेल्या घरात लग्न आहे. हळदीचा २ जीबीचा व्हिडिओ अँड्रॉइडवर आहे आणि मावशीच्या हातात आयफोन. ब्लूटूथने या दोघांत फाइल जात नाही. लोकलसेंड हे मोफत ॲप मात्र काम करतं, आणि तेही दोन पद्धतींनी. दोन्हींत आधी अँड्रॉइडचा हॉटस्पॉट चालू करून आयफोन त्याला जोडायचा. मोबाइल डेटा लागत नाही.

ॲप दोन्ही फोनवर असेल तर आयफोनचं नाव समोर दिसतं, त्यावर टॅप केलं की झालं. नाव दिसत नसेल, तर बहुधा आयफोनच्या सेटिंग्जमध्ये लोकल नेटवर्कची परवानगी बंद असते. फाइल जाईपर्यंत आयफोनवर ॲप उघडंच ठेवा, कारण मागे टाकलं की आयओएस ते थांबवतं.

पण मावशीकडे ॲप नसेल, तर रेंजशिवाय ते उतरवणार कसं? अशा वेळी अँड्रॉइडवर ‘Share via link’ निवडा, दिसणारा पत्ता आयफोनच्या सफारीत जसाच्या तसा टाइप करा आणि फाइल उतरवा. ती फोटोजमध्ये नाही, फाइल्समधल्या डाउनलोड्समध्ये जाते. तिथून शेअर करून व्हिडिओ सेव्ह करावा लागतो. शिवाय आयफोनकडून उलट पाठवणं या वाटेने होत नाही.

वेग दोन्हींत हॉटस्पॉटवर ठरतो. सेकंदाला ५ एमबी मिळाले तर हा व्हिडिओ सुमारे ७ मिनिटं घेईल, म्हणून जमत असेल तर ५ गिगाहर्ट्झ बँड निवडा. नेहमीची देवाणघेवाण असेल तर मी ॲपच सुचवेन, फक्त ते बेळगावातून निघण्याआधी दोन्ही फोनवर उतरवून ठेवा.