सपाट व्याज की घटतं व्याज: गटाला चित्रातून

नागपूरच्या बचत गटाला दाखवायच्या स्लाइडवर एक संत्रं म्हणजे 1,000 रुपये धरा. कर्ज 12,000 रुपये, मुदत 12 महिने, व्याज दरमहा 2 टक्के. म्हणजे एका संत्र्यामागे महिन्याला 20 रुपये.

सपाट व्याज कायम मूळ कर्जावर लागतं, म्हणून त्याच्या चित्रात शेवटपर्यंत 12 संत्री तशीच राहतात. दरमहा 240, एकूण 2,880. घटतं व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर लागतं, म्हणून तिथे 1,000 च्या दर हप्त्याला एक संत्रं पुसायचं. व्याज 240, 220, 200 असं उतरत शेवटी 20 वर येतं, एकूण 1,560. दर तोच, फरक 1,320 रुपयांचा! परत केलेल्या पैशावर व्याज का द्यायचं? घटतंच मागा.

ओळखायचं कसं? मुद्दलाचा हप्ता भरूनही दुसऱ्या महिन्याचं व्याज 240 च असेल, तर हिशोब सपाट आहे. स्लाइडवर ‘दरमहा’ ठळक लिहा. नुसते 2 टक्के वर्षाचे वाटतात.