‘झिरो कोड’चा रिपोर्ट दाखवून गळ्यात मारलेली गाडी

लातूरच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरने पेट्रोल गाडीसोबत तिच्या कॉम्प्युटरने नोंदलेल्या दोषांच्या कोडचा स्कॅन रिपोर्ट दिला. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होतं, कन्फर्म्ड कोड शून्य, पेंडिंग शून्य. शेवटच्या पानावर मात्र ‘परमनंट’खाली P0420 छापलेला. विचारलं तर म्हणाला, “दादा, कशाला टेन्शन घेऊ लागलात, ती जुनी हिस्टरी हाय.” धादांत खोटं!

दोष पहिल्यांदा आढळला की गाडीचा कॉम्प्युटर बहुतेक वेळा पेंडिंग कोड ठेवतो, दिवा लावत नाही. पुढच्या वेळी गाडी चालवताना तोच दोष पुन्हा दिसला की कोड कन्फर्म्ड होतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. हे दोन्ही कोड स्कॅनरचं एक बटण दाबून पुसता येतात. परमनंट कोड तसा जात नाही, बॅटरी काढूनही नाही. त्या दोषाची कॉम्प्युटर करतो ती तपासणी गाडी चालताना पुन्हा होऊन पास झाली, तरच कॉम्प्युटर तो स्वतः काढतो. म्हणजे बाकी पानं कोरी आणि परमनंट मात्र शिल्लक, याचा अर्थ कोड नुकते पुसलेत आणि दुरुस्ती अजून सिद्ध झालेली नाही. प्रामाणिक दुरुस्तीनंतरही काही काळ असंच दिसतं, पण मग दुरुस्तीचं बिल असतं. याच्याकडे ते नव्हतं. शिवाय ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ या रकान्यात फक्त 3 किलोमीटर होते.

औसा-तुळजापूर रस्त्यावर दोनचार चकरा झाल्या आणि दिवा लागला. ओळखीच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला, तर P0420 कन्फर्म्ड. हा कोड म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय अशी शंका, तो पार्ट गेलाच असा निकाल नव्हे. म्हणून त्यांनी आधी फ्रीझ फ्रेम उघडली. कोड नोंदला गेला त्या क्षणीचे आकडे त्यात साठतात. वेग ताशी 72, कूलंट 89 अंश, आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम 2 टक्के. म्हणजे इंजिन नीट तापलेलं, पेट्रोलचं मिश्रणही जवळजवळ बरोबर. मग सायलेन्सरच्या पाइपला सेन्सरआधी कुठे गळती आहे का ते पाहिलं, ती नव्हती. पुढचे-मागचे ऑक्सिजन सेन्सर तपासले, तेही ठीक. उरला कन्व्हर्टर, आणि तो महागडा पार्ट.

डीलरच्या रिपोर्टात फ्रीझ फ्रेमचं पान कोरं होतं, कारण कोड पुसले की तीही पुसली जाते. विक्रीआधी बटण दाबतात ते यासाठीच.

परमनंट कोडची सोय प्रत्येक गाडीत नसते, विशेषतः जुन्या गाड्यांत. त्यामुळे ते पान रिकामं दिसलं तरी ‘पुसल्यापासूनचं अंतर’ आणि कोड पुसल्यावर कॉम्प्युटरच्या किती तपासण्या अजून अपूर्ण आहेत ते पाहाच. बऱ्याच अपूर्ण असतील तर टोकन देण्याआधी गाडी हायवेला चांगली तासभर फिरवा आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर सुरू करून पुन्हा फिरवा. मग आपल्या मेकॅनिककडून स्कॅन करून पेंडिंगचं पान आधी वाचा. माझ्या डीलरने ‘डिझेल-पेट्रोल फुकट येतं का’ म्हणत फक्त चौकापर्यंतची चक्कर दिली होती.