'करावे' म्हणजे नक्की काय? क्रियापदांच्या ठरीव तक्त्यासोबत आठ महिने

तांत्रिक मानकं मराठीत आणताना गेले आठ महिने मी एका पानाचा तक्ता वापरतोय. डावीकडे इंग्रजी क्रियापद, उजवीकडे त्याचं एकच ठरलेलं मराठी रूप. त्याआधी आमच्याकडे ज्याला जे कानाला बरं वाटेल ते तो लिहायचा. वापरून काय मिळालं आणि कुठे अडलो, ते इथे मांडतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. आयएसओ आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थांची मानकं कशी लिहायची ते सांगणाऱ्या निर्देशिकेच्या भाग २ मध्ये क्रियापदं वाटून दिलेली आहेत. 'शॅल' म्हणजे आवश्यकता, 'शुड' म्हणजे शिफारस, 'मे' म्हणजे परवानगी, 'कॅन' म्हणजे शक्यता किंवा क्षमता. 'मस्ट' मानकाची स्वतःची अट सांगायला वापरायचं नाही, ते कायद्यासारख्या बाहेरून आलेल्या बंधनासाठी राखलेलं आहे. मजकुरातली टीप फक्त माहिती देते, तिच्यात आवश्यकता, शिफारस किंवा परवानगी घालता येत नाही. 'आमचं उत्पादन या मानकाला अनुरूप आहे' असं म्हणायला 'शॅल'ची वाक्यं पाळावी लागतात, टिपा नाही.

तक्ता करायला कारण झालं एक वाक्य. एका चाचणीच्या कलमात होतं की नमुना चाचणीपूर्वी किमान २४ तास ठरावीक तापमानात ठेवला पाहिजे. खाली टीप होती: जाड नमुन्यांना स्थिरावायला याहून जास्त वेळ लागू शकतो. मूळ इंग्रजीत तिथे 'कॅन' होतं, म्हणजे नुसती वस्तुस्थिती. आमच्या भाषांतरात मात्र आलं, 'जाड नमुन्यांना २४ तासांपेक्षा जास्त वेळ द्यावा.' वाचायला सुटसुटीत, व्याकरणात चूक नाही. पुढे एका प्रयोगशाळेने जाड नमुना बरोबर २४ तास ठेवून चाचणी घेतली आणि मराठी प्रत हातात धरलेल्या लेखापरीक्षकाने 'विसंगती' म्हणून नोंद केली. प्रयोगशाळेचं काही चुकलं नव्हतं. टिपेतल्या माहितीला आम्ही सूचना करून टाकलं होतं. जास्त म्हणजे किती, हेही त्या वाक्यात नव्हतं, त्यामुळे ती 'अट' पाळणं कोणालाच शक्य नव्हतं. आता तिथे 'जास्त वेळ लागणे शक्य असते' असं आहे.

तक्त्याची पहिली आवृत्ती साधी होती: 'शॅल'ला 'पाहिजे', 'शुड'ला 'करावे'. ती तीन महिन्यांत मोडली. कारण 'करावे' हे मराठीत दोन घरचं पाहुणं आहे. मित्र म्हणाला 'एकदा डॉक्टरांना दाखवावंस' तर तो सल्ला असतो. सूचना फलकावर 'अर्ज मुदतीत सादर करावा' असेल तर तो आदेश असतो. मानक वाचणारा माणूस कार्यालयीन भाषेत मुरलेला, त्यामुळे तो प्रत्येक 'करावे' हुकूम म्हणूनच वाचायचा, आणि आमच्या शिफारशींच्या परस्पर अटी व्हायच्या. म्हणून आता 'शुड'ला पूर्ण 'करावे अशी शिफारस आहे' लिहितो. वाक्य लांबतं, पण वाद होत नाही. नुसतं 'करावे' तक्त्यातून हद्दपार.

बाकीच्या ओळी अशा. 'शॅल नॉट'ला 'करता कामा नये', कारण नुसतं 'करू नये' पुन्हा सल्ल्याकडे झुकतं. 'मे'ला 'करण्यास मुभा आहे' आणि 'कॅन'ला 'शक्य असते'. 'शकतो' दोन्हींतून काढलं, कारण 'दुसरा नमुना वापरू शकतो' यात परवानगी आहे की क्षमता, ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. 'मस्ट'साठी मात्र भाषेनेच आयतं रूप दिलं: 'करावे लागते'. बाहेरून आलेली सक्ती 'लागते'त आपोआप ऐकू येते. इथे इंग्रजीपेक्षा मराठी वरचढ वाटली, हे नमूद केल्याशिवाय राहवत नाही.

तपासणीसाठी मूळ आणि भाषांतर यांच्या जोड्या टॅबने वेगळ्या करून एका फाइलमध्ये काढतो आणि दोन ओळी चालवतो:

```
grep -P '\bshall\b' jodya.tsv | grep -vE 'पाहिजे|कामा नये'
grep -P '\tटीप' jodya.tsv | grep -E 'पाहिजे|कामा नये|शिफारस|मुभा'
```

पहिली ओळ आवश्यकता हरवलेली वाक्यं दाखवते, दुसरी टिपेत घुसलेल्या अटी. सगळ्यात जास्त पकडलं ते पहिलीने, आणि तेही जुनी भाषांतरं साठवून पुन्हा सुचवणाऱ्या भाषांतर-स्मृतीचं पाप. मानकाच्या नव्या आवृत्तीत जुनं 'शुड' बदलून 'शॅल' झालेलं असतं, बाकी वाक्य जसंच्या तसं. एकाच शब्दाचा फरक, त्यामुळे स्मृती जुनं वाक्य नव्वदच्या वर टक्के जुळलं म्हणून पुढे करते आणि घाईतला भाषांतरकार ते स्वीकारून टाकतो. खरं तर आवृत्तीतला सगळा बदल त्या एका शब्दातच होता.

दुसरी ओळ निम्मीच भरवशाची. टिपेत दोन वाक्यं असली की दुसरं वेगळ्या खंडात जातं, त्याच्या सुरुवातीला 'टीप' नसतं आणि ते जाळ्यातून सुटतं. तसंच एका वाक्यात 'शॅल' आणि 'शुड' दोन्ही असतील तर एका 'पाहिजे'वर पहिली ओळ समाधानी होते. अशी वाक्यं अजून डोळ्यांनीच बघतो.

'टीप' या शब्दानेही फसवलं. मानकातल्या तक्त्याखाली दोन गोष्टी असतात. एक असते टीप, तिच्यात अट नसते. दुसरी असते बारीक अक्षराची खूण घेऊन येणारी तळटीप, आणि तक्त्याच्या तळटिपेत अट असायला निर्देशिकेची ना नाही. आम्ही सुरुवातीला दोन्हींना 'टीप' म्हणत होतो, म्हणजे एका पडताळणीयोग्य मर्यादेला आम्ही चक्क माहितीच्या खात्यात टाकलं होतं. आता 'टीप' आणि 'तक्त्याची तळटीप' असे वेगळे शब्द आहेत. व्याख्यांखालच्या 'नोंदीवरील टिपे'ला नियम पुन्हा निराळे, तिथे संज्ञेच्या वापराबद्दल अट चालते, म्हणून दुसऱ्या तपासणीत ती येत नाही तेच बरं, तिची सुरुवात 'टीप'ने होत नाही.

तक्रार करायची तर तक्त्याबद्दल नाही, संपादनाबद्दल. एका पानावर चौदा वेळा 'पाहिजे' आलं की भाषेची चाड असलेल्या संपादकाला ते बघवत नाही. आमच्या एका संपादकांनी 'पुनरुक्ती टाळली' असा शेरा मारून त्यातल्या पाचांचं 'आवश्यक ठरते', 'गरजेचे', 'असावे' असं करून दिलं. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे, पण पाच अटी वेगवेगळ्या वजनांच्या झाल्या. शेवटी तक्त्याची प्रत प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर लावली आणि त्याखाली लिहिलं: 'या शब्दांची पुनरुक्ती हेतुपुरस्सर आहे.'

आरएफसींवर, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांवर, काम करत असाल तर हा तक्ता तसाच उचलू नका. तिथे आरएफसी २११९ प्रमाणे 'मस्ट' आणि 'शॅल' एकाच अर्थाचे आहेत, आणि २०१७ च्या आरएफसी ८१७४ नुसार हे खास अर्थ फक्त मोठ्या लिपीतल्या शब्दांना आहेत. देवनागरीत मोठी लिपी नाहीच, मग ठळक अक्षरं वापरावी लागतात, आणि मजकूर कुठे साधा म्हणून चिकटवला की तीही उडतात.

सध्या एक प्रश्न लोंबकळतोय. एका मानकात मूळ इंग्रजी टिपेतच 'शॅल' आहे, म्हणजे चूक मसुदा लिहिणाऱ्यांची. सहकारी म्हणाला, गुपचूप 'शक्य असते' करून टाक. मी 'पाहिजे' ठेवलं, शेजारी शेरा घातला आणि प्रश्न मूळ समितीकडे पाठवला. दुसरी तपासणी चालवली की ते वाक्य दर वेळी वर येतं, आणि उत्तर येईपर्यंत येऊ दे.